घरातून चालणाऱ्या दुकानाच्या वेबसाइटवर घराचा पत्ता टाकावा का?

शिवणघर
वहिनी आणि मी डोंबिवलीतल्या राहत्या फ्लॅटमधून शिवलेल्या नऊवारी विकतो. दोन वर्षं व्हॉट्सॲपवर छान चाललं, आता स्वतःची वेबसाइट केली. पेमेंट गेटवेने अर्ज परत पाठवला. कारणं अशी: पत्ता नाही, परताव्याचं धोरण नाही, अटींचं पान नाही, आणि साइटवरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळत नाही. अटी कुठून तरी उचलता येतील, पण पत्ता म्हणजे आमचं घर. मी नोकरीला जाते, दिवसभर वहिनी आणि आई दोघीच असतात. फ्लॅट नंबरसकट पत्ता जगाला दाखवायचा का? जीएसटी, उद्यम हे नंबरही टाकायचे का?

खडूस गिऱ्हाईक
टाकायचा. माझं सरळ गणित आहे: ज्या साइटवर नुसता मोबाइल नंबर आणि इन्स्टाची खूण असते, तिथे मी पैसे भरत नाही. एकदा बायकोसाठी साडी मागवली, आली ती वेगळीच. नंबर बंद, ईमेलला उत्तर नाही. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, "समोरच्याचं नाव-पत्ता काय?" माझ्याकडे होतं फक्त एक गोंडस ब्रँडनाव आणि गुलाबी रंगाचा लोगो. तुम्हाला अनोळखी माणसांकडून आगाऊ पैसे घ्यायला चालतात, मग त्यांना तुमचं दार कळलेलं का चालू नये?

मीनल_मसाले
खडूसराव, दार कळल्यावर काय होतं ते दाराच्या आत राहणारीला विचारा. आमचा पत्ता साइटवर होता. एका रविवारी दुपारी दोन वाजता एक गृहस्थ सहकुटुंब आले, "दुकान बघायला". दुकान म्हणजे माझं स्वयंपाकघर! ते निदान सभ्य होते. दुसरा एकजण पार्सल उशिरा मिळालं म्हणून रात्री साडेनऊला खाली उभा राहून फोन करत होता, वॉचमन मध्ये पडला म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी पत्ता काढला. आता फक्त "पुणे" लिहिते. विक्री एका रुपयाने घटली नाही. तसंही घरगुती उद्योगाला हे ऑनलाइनचे नियम लागू नाहीत, ते मोठ्या कंपन्यांसाठी आहेत.

कंपनी_कारकून
लागू आहेत. आमच्याकडे तर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, फोन, ईमेल आणि संपर्काच्या माणसाचं नाव हे सगळं मुखपृष्ठावरच लागतं. तळाच्या कुठल्यातरी दुव्यात दडवून चालत नाही. ताईंनी लगेच सीआयएन टाकावा.

जमाखर्च
मी कल्याणला लोकांचे जीएसटीचे आणि हिशेबाचे कागद बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कारकूनसाहेब, तुमचं खरं आहे, पण ते कंपनीपुरतं. ताईंची कंपनी नाही, वहिनींच्या पॅनवर चालणारी प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच व्यक्तीच्या मालकीचा धंदा दिसतो. त्याला सीआयएन नसतोच, टाकणार कुठून?

मीनलताई, तुमचं मात्र अर्धंच बरोबर आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये सूट आहे ती खाजगी नात्याने, अधूनमधून काही विकणाऱ्या व्यक्तीला. घरातला जुना सोफा विकला तर नियम लागू नाहीत. तुम्ही रोज मसाले कुटून विकता, तो नियमित धंदा झाला. घरातून चालतो की गाळ्यातून, याने फरक पडत नाही. दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवर विकलं तर तुम्ही नुसत्या विक्रेत्या. स्वतःच्या साइटवर स्वतःचा माल विकला की ती साइट चालवणारी संस्था तुम्हीच. मग साइटवर ठळक दिसेल असं चार गोष्टींचं लिखाण लागतं: कायदेशीर नाव, मुख्य ठिकाणाचा भौगोलिक पत्ता, साइटचा तपशील, आणि ग्राहकसेवा व तक्रार अधिकारी यांचे फोन-ईमेल. तक्रार अधिकारी म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही, एकट्या बाईच्या धंद्यात ती अधिकारी तीच. पण तक्रार आल्यापासून 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची, हे पाळावं लागतं.

गेटवेचा नावाचा आक्षेपही यातलाच आहे. प्रोप्रायटरीत ब्रँडला स्वतंत्र अस्तित्व नसतं, कायद्याच्या नजरेत वहिनी म्हणजेच धंदा. संपर्काच्या पानावर आणि तळाशी "ब्रँडचं नाव, प्रोप्रायटर: वहिनींचं पॅनवर आहे तसं नाव" असं लिहा. लग्नाआधीचं आडनाव पॅनवर आणि नंतरचं बँकेत असा घोळ असेल तर तो आधी मिटवा. अर्ज अडकतात त्यातले बरेच इथेच.

आता मला एक सांगा, माल महाराष्ट्राबाहेर जातो का?

शिवणघर
हो की. गेल्या वर्षी इंदूर, बडोदा आणि बेळगावला बऱ्याच गेल्या. उलाढाल चाळीस लाखांच्या जवळपाससुद्धा नाही, म्हणून जीएसटी घेतला नाही.

जमाखर्च
तिथेच बऱ्याच जणांचा पाय घसरतो. मालासाठीची 40 लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यातल्या विक्रीला आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, पण मशीनवर शिवलेली नऊवारी त्यात बसेल असं धरून चालू नका. बेळगाव आपल्याला कितीही जवळचं वाटलं तरी जीएसटीला ते कर्नाटक आहे. मागच्या पार्सलांची यादी काढून एखाद्या सीएकडे जा, इथे त्यावर जास्त लिहीत नाही.

पण याचा तुमच्या मूळ प्रश्नाशी संबंध आहे. जीएसटी घेतला की पोर्टलवर नंबर टाकून कोणीही तुमचं नाव आणि धंद्याचा मुख्य पत्ता बघू शकतो. म्हणजे साइटवरून पत्ता झाकला तरी तो झाकला जात नाही. म्हणून आधी ठरवायचं ते हे की धंद्याची नोंदणी कुठल्या पत्त्यावर करायची. साइटचा प्रश्न त्यानंतर.

मीनल_मसाले
पोर्टलवर जाऊन पंधरा आकडी नंबर टाकणारा वेगळा आणि जेवणानंतर सहज साइट चाळताना पत्ता वाचून गाडी काढणारा वेगळा. पार्सलवरही आपला पत्ता असतोच, पण तो पैसे भरलेल्या गिऱ्हाइकालाच दिसतो. नियम असेल, मान्य. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऑफिस होतं, माझं घर नव्हतं.

जमाखर्च
या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो तुमचा खराच आहे.

नेकारकाठ
इथे स्टुटगार्टजवळ मी हळद-कुंकवाच्या भेटवस्तूंचं छोटं दुकान ऑनलाइन चालवतो. जर्मनीत याला इम्प्रेसुम म्हणतात. नाव, पूर्ण पत्ता, ईमेल सगळं लागतं आणि नुसती पोस्ट पेटी चालत नाही, कोर्टाची नोटीस पोचेल असाच पत्ता हवा. चूक झाली तर सरकारच्या आधी प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाचं पत्र येतं, 2020 पर्यंत तर वर त्याची फीसुद्धा आपल्याच माथी असायची. मला एकदा आलंय, आडनावापुढे फक्त आद्याक्षर लिहिलं होतं म्हणून. तुमच्याकडे निदान हा धंदा करणारे वकील नाहीत!

खडूस गिऱ्हाईक
नाहीत म्हणून तर कोणी पाळत नाही.

उद्यमी_काका
उद्यम नोंदणी करा आणि तो नंबर मोठ्या अक्षरात टाका. सरकारमान्य म्हटलं की लोक विश्वास ठेवतात. माझ्या ओळखीचा मुलगा दीड हजारात करून देतो.

जमाखर्च
काका, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, दीड हजार त्या मुलाचे. आणि ती स्वतःच दिलेल्या माहितीवर होते, मालाची किंवा माणसाची कोणी तपासणी करत नाही. "सरकारमान्य" लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान नोंदणीचंही थोडंफार तसंच, कामगार थोडेच असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे नुसती सूचना द्यायची असते.

जीएसटी नंबर मात्र टाका. त्यातला तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचा भाग म्हणजे तुमचा पॅन, हे माहीत असू द्या. काहीजण त्यामुळे बिचकतात, पण बिलावर तो जाणारच आहे. तुमचा नंबर उचलून दुसरा कोणी स्वतःच्या साइटवर डकवू शकतो, हेही होतं. खडूसरावांसारख्यांनी पोर्टलवरचं नाव, साइटवरचं नाव आणि यूपीआयने पैसे भरताना दिसणारं नाव ताडून बघावं. तिन्ही वेगळी असतील तर तिथेच थांबावं. नंबर नुसता दिसतोय, याला काही अर्थ नाही.

नऊवार_साडी
पत्त्यावर एवढा खल चाललाय, पण "अटी कुठून तरी उचलता येतील" हे वाचून मला धस्स झालं. मीही शिवलेल्या नऊवारी विकते आणि अटी उचलूनच टाकल्या होत्या. त्यात एक वाक्य होतं, तीस दिवसांत कुठल्याही कारणाने परत. एका मुलीने कंबर 30 कळवली, प्रत्यक्षात निघाली 34. काष्टा पुरेना, ओचा बसेना. मापाची चूक तिची, पण अट माझी. साडेतीन हजार परत केले आणि ती नऊवारी अजून कपाटात आहे. तिच्या मापाची दुसरी बाई कुठून आणू? नीट वाचलं तेव्हा कळलं, माझ्याच अटींत वाद झाला तर अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात जायचं असंही लिहिलं होतं.

आता मी स्वतः लिहिल्यात. मापं गिऱ्हाइकाने द्यायची, ती आम्ही मेसेजवर परत लिहून पाठवतो, तिचा होकार आल्यावरच कापड कापतो. त्यानंतर कळवलेलं माप चुकीचं निघालं तर दुरुस्तीचा खर्च तिचा. शिवण आमची चुकली तर खर्च आमचा.

शिवणघर
मग "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढंच लिहिलं तर? सुटसुटीत.

नऊवार_साडी
सुटसुटीत आहे, टिकत नाही. सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथाच धरतात. मला वकिलाने सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा पोचलं तरी परत घेणं नाकारता येत नाही, पूर वगैरे हाताबाहेरचं कारण नसेल तर. आपल्या धंद्यात हेच मारतं. गौरीसाठी मागवलेली नऊवारी विसर्जनानंतर पोचली तर ती बाई काय करील तिचं? म्हणून मी श्रावण लागला की साइटवरचे दिवस बारावरून वीस करते. आणि "फक्त कल्याण न्यायालयाच्या कक्षेत" असलं वाक्यही टाकू नका. गिऱ्हाईक स्वतः राहतं तिथल्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतं.

कंपनी_कारकून
अटी मान्य असल्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली ठेवली की काम होतं.

जमाखर्च
नाही होत. 2020 च्याच नियमांत आधीच खूण केलेल्या चौकोनाला मनाई आहे. खूण गिऱ्हाइकानेच करायची.

शिवणघर
सगळ्यांचे आभार, आणि बेळगावबद्दल जमाखर्च यांचे जरा रडतरडत आभार. सीएची वेळ घेतली आहे. आमच्या काही नऊवारी ज्या मास्तरांकडे शिवायला जातात, त्यांचा स्टेशनजवळ गाळा आहे. ते संमतीपत्र आणि वीजबिल द्यायला तयार आहेत. नोंदणी तिथली करावी, तोच पत्ता साइटवर टाकावा आणि "भेट वेळ ठरवूनच" असं लिहावं, असं चाललंय. तपासणीला कोणी आलं तर गाळ्यात आमचं कपाट, कागद आणि नावाची पाटी हवी, एवढं सीएने फोनवर सांगितलं.

मीनल_मसाले
मास्तरांनी उद्या गाळा सोडला तर?

शिवणघर
वहिनीपण तेच विचारतेय.