मदत हवी आहे: तालमीच्या व्हिडिओत संगीतातून हलगीवर कसं यावं?

कोल्हापुरातल्या एका तालमीवर ५ मिनिटांचा व्हिडिओ करतोय. सुरुवातीला पहाटे हौद्यातली लाल माती उकरणं, मग जोर-बैठका आणि शेवटी मैदानातली कुस्ती. कुस्तीत हलगीचा मूळ आवाज आहे आणि तो मला ठेवायचाच आहे, त्याशिवाय मैदान वाटतच नाही.

मातीच्या भागाला नुसता तानपुऱ्यासारखा सूर धरलाय, ठेका नाही. तो छान बसलाय. जोर-बैठकांना ७० बीपीएमचा ट्रॅक आहे, त्यात वाद्यं हळूहळू वाढत जातात. अडचण पुढे आहे. हलगी साधारण १४० ने सुरू होते, म्हणजे हिशेबाने बरोबर दुप्पट, पण वाजवणारा रंगात आला की लय चढते. २ सेकंदांचा क्रॉसफेड दिला तर दोन्ही ठेके एकमेकांवर आपटतात. ट्रॅक हलगीखाली हळू आवाजात चालू ठेवला तरी काही सेकंदांत ताल सुटलेला ऐकू येतो. हलगी ताणून लयीत बसवली तर तिचा कडक ठोका बोदा होतो.

ट्रॅक मोफत परवान्याचा आहे, वाद्यं वेगळी करून मिळत नाहीत. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत.

ट्रॅक चढत्या टोकावर तोडून पैलवानांच्या सलामीला क्षणभर शांतता ठेवावी आणि मग हलगी आणावी, की पहिल्या भागातला सूर ठेक्याशिवाय हलगीखाली चालू ठेवावा? शांतता ठेवली तर ती किती लांब असावी?