मदत हवी आहे: उपाशीपोटी साखर ९८, एचबीए१सी ६.१, आहारात आधी काय बदलावे?

माझ्या ४६ वर्षांच्या भावाची उपाशीपोटी साखर ९८, म्हणजे मर्यादेत आहे, पण एचबीए१सी ६.१ टक्के आले आहे. ट्रायग्लिसराइड २४८, एचडीएल ३६ आणि एलडीएल ११२ आहे. घाबरून त्याने तेल-तूप जवळजवळ बंद केले. सकाळचा ग्लासभर फळांचा रस मात्र सुरूच आहे!

ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी इन्सुलिन-प्रतिरोधाकडे बोट दाखवते, त्यामुळे स्निग्ध पदार्थांपेक्षा आधी साखर, रस व मैदा कमी करावा, असे मला वाटते. हा क्रम योग्य आहे का? लोहाच्या कमतरतेनेही एचबीए१सी वाढलेले दिसू शकते, म्हणून त्याआधी फेरिटिन आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून घ्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.