पंथ, संप्रदाय की मार्ग? परीक्षकांना उत्तर लिहिताना अडले

मृदुला: महानुभावांच्या जडणघडणीवरच्या माझ्या लेखावर दुसऱ्या परीक्षकांचा शेरा आहे, ‘चक्रधरांच्या हयातीतल्या अनुयायांना लेखिका संप्रदाय कशी म्हणते?’ मी पंथ आणि संप्रदाय आलटूनपालटून वापरलेत. उत्तरपत्रात काय लिहू?

रानवाट: सगळीकडे पंथ करा. पंथ म्हणजे वाट, अस्सल जुना शब्द. संप्रदाय हा इंग्रजी अमदानीत अभ्यासकांनी रुळवलेला.

जुनी पोथी: पंथाचं बरोबर, संप्रदायाचं नाही. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात, तेराव्या अध्यायावर, ‘असंप्रदायवित्’ आलंय. सम्, प्र आणि दा, म्हणजे गुरूने शिष्याच्या हाती दिलेलं. शब्द जुनाच आहे. ‘अनुयायांचा संघ’ या अर्थाने तो आपण कधीपासून वापरतो, हा प्रश्न वेगळा.

मृदुलाताई, परीक्षक शब्दाआडून काळ विचारताहेत. महानुभाव स्वतःला परमार्ग म्हणवतात, पण त्यासाठी लीळाचरित्राचा दाखला देताना जपा. म्हाइंभटांनी आठवणी चक्रधरांच्या पश्चात जमवल्या. मूळ प्रत हरवली आणि ग्रंथ पुन्हा जुळवला, असं परंपराच सांगते. म्हणून कोणता पाठ वापरला ते लिहा. त्यातला शब्द थेट चक्रधरांच्या तोंडचा मानू नका.

दिंडीतला: आम्ही चार पिढ्या वारकरी संप्रदायच म्हणतो. आता तेही चूक का?

जुनी पोथी: मुळीच नाही. आजच्या बोलण्याबद्दल परीक्षकांचं काही म्हणणं नाही.

अनघा: मी असाच शेरा आल्यावर एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलला. दुसऱ्या अभ्यासकांच्या अवतरणांतलाही बदलला गेला! शिवाय उत्तरात जुन्या मसुद्याचे ओळक्रमांक राहिले. परीक्षकांनी सातवी ओळ उघडली, तिथे भलतंच वाक्य. लेख परत आला. बदल हातानेच करा, ओळक्रमांक सगळ्यात शेवटी घाला.

मृदुला: मग असं लिहू का? ‘आक्षेप मान्य. चक्रधर आणि नागदेवाचार्य यांच्या काळासाठी आता “अनुयायी” किंवा “मार्ग” म्हटले आहे. पुढे आम्नाय वेगळे झाल्यानंतरच्या काळासाठी “पंथ” ठेवला आहे. अवतरणांतील शब्द जसेच्या तसे आहेत.’

जुनी पोथी: चांगलं आहे. फक्त ‘मार्ग’ कोणत्या पाठावरून घेतला ते त्याच वाक्यात सांगा. आणि पंथ का ठेवला याचं कारणही एका ओळीत द्या, नाहीतर पुढच्या फेरीत तेच विचारतील.

रानवाट: अनुयायी कशाला? महानुभावांच्याच बोलीतला शब्द शोधा की. मराठी लेखात संस्कृत किती भरायचं?

अनघा: मार्ग तरी कुठला?

रानवाट: मार्ग रुळलाय. अनुयायी अजून पुस्तकीच वाटतो.

दिंडीतला: आमच्याकडे माळकरी म्हणतात, कुणालाही कळतं.

मृदुला: पण माळकरी वारकऱ्यांना म्हणतात ना? आणि पत्राच्या सुरुवातीला ‘परीक्षक’ लिहू की ‘समीक्षक’? परीक्षक म्हटलं की मला पेपर तपासणारे आठवतात.

रानवाट: समीक्षक कथा-कवितांचे. तुमच्या लेखाला परीक्षकच.