शब्दचर्चा : चेक न वटल्याच्या नोटिशीत "15 दिवसांत" म्हणजे नेमकं कधीपासून?

मोंढ्यातला मुनीम, लातूर
आडत दुकानावर हिशेब लिहितो. एका खरेदीदाराने हरभऱ्यापोटी शेठजींना 3,85,000 रुपयांचा चेक दिला, तारीख 10 मे. तो न वटता परत आला, शेरा "फंड्स इन्सफिशंट". बँकेच्या मेमोवर 15 मे तारीख आहे, पण मेमो आमच्या हातात 19 मेला पडला. समोरच्याला मराठीच कळतं, म्हणून नोटीस मराठीतच काढायची आहे. मी लिहिलेलं वाक्य असं : "सदर नोटिशीच्या दिनांकापासून 15 दिवसांचे आत सदर रक्कम व्याजासह जमा करावी, ही नम्र विनंती." शेठजी म्हणतात "दिनांकापासून" बरोबर आहे, त्यांचा मुलगा म्हणतो "मिळाल्यापासून" पाहिजे. दोन्हींत फरक काय पडतो?

जुना टंकलेखक, परभणी
कोर्टाबाहेर टायपिंग करत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. मुलगा बरोबर आहे, "मिळाल्यापासून"च पाहिजे. पण तुमचं दुसरंच काही हुकलंय. मेमो मिळाल्यापासून नोटीसही 15 दिवसांतच काढावी लागते. 19 मे धरला तर 3 जूनच्या आत पोस्टात पडली पाहिजे. घाई करा.

वकील, बीड
टंकलेखक काका, "मिळाल्यापासून" हे तुमचं पटलं. नोटीस पाठवायची 15 दिवसांची मुदत मात्र जुन्या कायद्यातली. 2002 च्या दुरुस्तीने ती 30 दिवस झाली आणि 6 फेब्रुवारी 2003 पासून तीच लागू आहे. बदलली नाही ती दुसरी मुदत, म्हणजे चेक देणाऱ्याला पैसे भरायला मिळणारे 15 दिवस. जुन्या मसुद्यांत दोन्हीकडे 15 चा आकडा असायचा, त्यामुळे हा घोळ अजून चालतो.

मुनीमजी, 30 दिवस बँकेकडून कळल्यापासून मोजतात. तुम्हाला 19 मेला कळलं, तर शेवटचा दिवस 18 जून. पण मेमो 19 लाच मिळाला हे दाखवायला बँकेचा शिक्का किंवा पोच जवळ नसेल, तर मेमोवरची 15 मे धरून 14 जूनच्या आत नोटीस पोस्टात टाका. त्या चार दिवसांवर पुढे उलटतपासणी ओढवून घेण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या वाक्याकडे. नोटिशीवर 5 जून तारीख घातली, त्याच दिवशी पोस्टात टाकली आणि समोरच्याला 9 जूनला मिळाली असं धरू. "नोटिशीच्या दिनांकापासून" लिहिलंत तर तुमच्या हिशेबाने मुदत 20 जूनला संपते. शेठजी 22 तारखेला कोर्टात जातील. कायद्याच्या हिशेबाने मुदत 24 जूनच्या रात्रीपर्यंत चालू असते. 22 ला गुन्हाच पुरा झालेला नसतो. अशी मुदतीआधी केलेली तक्रार ही तक्रारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात स्पष्ट केलंय. सुनावणी होईपर्यंत 15 दिवस उलटून गेले तरी ती जिवंत होत नाही. नवी तक्रार करता येते, पण उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून.

मराठीच्या बाई, उदगीर
वकीलसाहेब, 9 तारखेला मिळाली तर 24 कशी? बोलताना आपण "सोमवारपासून तीन दिवस पाणी येणार नाही" म्हणतो तेव्हा सोमवार धरतो. सोम, मंगळ, बुध. त्या चालीने 9 जूनपासून 15 दिवस 23 ला भरतात. "पासून" या शब्दात तो दिवस मोजलेला असतो, निदान आपल्याकडे तरी.

वकील, बीड
ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. बोलीतलं "पासून" पहिला दिवस धरतं, कायद्याची मोजणी तो सोडून देते. नोटीस मिळालेला दिवस सोडायचा, 10 जून हा पहिला दिवस, 24 जून हा पंधरावा. 25 जूनला तक्रारीचं कारण उभं राहतं. तिथून तक्रारीला एक महिना, आणि तो कॅलेंडरचा महिना, 30 दिवस नव्हे. त्यातही 25 जून सोडला जातो, म्हणून शेवटचा दिवस 25 जुलै. अशी मोजणी सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये साकेत इंडिया प्रकरणात केली आणि 2013 मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात कायम ठेवली.

नोटिशीत हा गोंधळ उरू नये म्हणून मी "मिळाल्याचा दिवस सोडून" हे तीन शब्द घालतो. ते नसले तरी नोटीस बाद होत नाही. पण वाचणाऱ्याला आपली तारीख बरोबर काढता येते.

गंगाखेडकर
मुदत म्हणाल तर चेकची मुदत तीन महिने असते, 15 दिवस कुठून आले? माझा एक चेक मागं दोनदा परत आला होता, तरी मी तिसऱ्यांदा लावला आणि वटला.

वकील, बीड
भाऊ, ती चेक बँकेत लावायची मुदत. 2012 पासून तीन महिने आहे, इथं विषय नोटिशीचा आहे. पण तुमचं म्हणणं मुनीमजींच्या कामाचं आहे. समजा 30 दिवस हुकलेच, तर 10 मेचा चेक ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पुन्हा लावता येतो. पुन्हा परत आला की नव्या मेमोपासून नवे 30 दिवस. 2012 मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलंय. मुनीमजी, मूळ चेक आणि मेमो जपून ठेवा, नोटिशीसोबत मूळ कागद पाठवू नका.

मोंढ्यातला मुनीम, लातूर
शेठजी जरा मवाळ आहेत. म्हणतात, जुनं गिऱ्हाईक आहे, 15 ऐवजी दोन महिने लिहू. आणि "मागणी" लिहिण्याऐवजी "विनंती"च राहू दे. चालेल का?

वकील, बीड
दोन महिने लिहू नका. चेक देणाऱ्याचे 15 दिवस कायद्याने ठरलेत, तुम्ही काहीही लिहिलं तरी तेवढेच. "आठ दिवसांत भरा" लिहून ते कमी होत नाहीत, समोरच्या वकिलाला बोलायला विषय तेवढा मिळतो. जास्त लिहिलंत तर नुकसान तुमचंच, कारण तक्रारीचा तुमचा महिना पत्रातल्या मुदतीची वाट पाहत नाही. 9 जूनपासून दोन महिने म्हणजे 9 ऑगस्ट, आणि तक्रारीचा शेवटचा दिवस 25 जुलैलाच गेलेला. शेठजींना सवलत द्यायची असेल तर तोंडी द्यावी आणि 25 जुलैच्या आत आवरावं.

मराठीच्या बाई, उदगीर
"विनंती"चं मी सांगते. विनंती नाकारायला माणूस मोकळा असतो, मागणीत आपला हक्क बोलतो. त्यात "कळविण्यात येते की चेक वटला नाही" एवढंच लिहून थांबलात, तर पैसे मागितलेच नाहीत असा अर्थ होतो. क्रियापद "अदा करावी" असंच हवं, "करावी अशी अपेक्षा आहे" नको.

वकील, बीड
ताई म्हणतात तेच. कायद्याला लेखी मागणी हवी. वकिलाची सही लागतेच असं नाही, शेठजी स्वतःच्या सहीनेही पाठवू शकतात.

तुमच्या वाक्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते "सदर रक्कम व्याजासह". सदर म्हणजे कुठली? चेकची, की व्याज, हमाली, नोटीस खर्च धरून झालेली? मागणी चेकच्या रकमेचीच पाहिजे. व्याज मागायचं तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यात. सगळं मिसळून "एकूण 4,12,000 द्या" असं लिहिलं तर नोटीस सदोष ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात चेकपेक्षा वेगळा आकडा लिहिलेली नोटीस बाद धरली. टायपिंगची चूक हा खुलासाही ऐकला नाही. टंकलेखक काकांना एकदा आकडा आणि अक्षरी रक्कम चेकशी ताडून बघायला सांगा.

माझा मसुदा असा :

"आपण आम्हास दिलेला चेक क्र. ______, दि. 10 मे, रक्कम रु. 3,85,000/- अक्षरी रुपये तीन लाख पंच्याऐंशी हजार फक्त, आमच्या बँकेत वटविण्यासाठी भरला असता 'फंड्स इन्सफिशंट' या शेऱ्याने न वटता परत आला. तसा मेमो आम्हास दि. 19 मे रोजी मिळाला. सदर चेक आपण आमच्याकडून खरेदी केलेल्या हरभऱ्याच्या येणे रकमेपोटी दिला होता. करिता या नोटिशीद्वारे मागणी करण्यात येते की, ही नोटीस आपणास मिळाल्यापासून, मिळाल्याचा दिवस सोडून, 15 दिवसांच्या आत वरील चेकची रक्कम रु. 3,85,000/- आम्हास अदा करावी. तसे न केल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881 च्या कलम 138 अन्वये आपणाविरुद्ध तक्रार दाखल करण्यात येईल."

जुना टंकलेखक, परभणी
2003 चं मान्य. पण पोस्टमन पाकीट घेऊन गेला, "घर बंद, सूचना दिली" असा शेरा मारला आणि पाकीट परत आलं, तर "मिळाल्यापासून" मोजायचं कसं? मिळालंच नाही की.

वकील, बीड
पत्ता बरोबर असेल आणि नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवली असेल, तर नोटीस पोहोचली असं गृहीत धरतात, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. 2007 चा सी. सी. अलवी हाजी प्रकरणातला निकाल याच मुद्द्यावर आहे. म्हणून पत्ता चेकबुकाच्या कागदावरून आणि पावतीबुकावरून ताडून घ्या. दुकान आणि घर दोन्ही पत्ते असतील तर दोन्हीकडे पाठवा. ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा.

15 दिवस शेऱ्याच्या तारखेपासून की पाकीट तुमच्याकडे परत आल्याच्या तारखेपासून, यावर मात्र वाद होतो. 1999 च्या भास्करन प्रकरणात पाकीट परत आल्याची तारीख धरली होती. तरी मी दोन्ही हिशेब मांडतो आणि दोन्हींत बसेल असा दिवस तक्रारीला निवडतो. शेरा 11 जूनचा आणि पाकीट 16 जूनला परत, तर एका हिशेबाने तक्रार 27 जून ते 27 जुलै, दुसऱ्याने 2 जुलै ते 2 ऑगस्ट. मग 2 ते 27 जुलैच्या मध्ये जायचं.

मोंढ्यातला मुनीम, लातूर
एक सांगायचं राहिलं. चेक परत आल्यावर, 22 मेला, त्याने 40,000 ऑनलाइन पाठवले. मग आकडा 3,85,000 की 3,45,000?

जुना टंकलेखक, परभणी
3,85,000 च लिहा. आत्ताच वकीलसाहेब म्हणाले ना, चेकचाच आकडा हवा.

वकील, बीड
काका, इतकं सरळ नाही. चेक लावण्याआधी पैसे आले असते तर 2022 च्या दशरथभाई पटेल निकालाप्रमाणे पूर्ण रकमेचा चेक लावणंच अडचणीचं ठरलं असतं. चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो लावायला हवा होता. इथं पैसे चेक परत आल्यावर आलेत, म्हणजे लावला त्या दिवशी देणं पूर्ण होतं. मी चेकची पूर्ण रक्कम लिहून, 40,000 मिळाल्याचं तारखेसह मान्य करून, बाकी 3,45,000 ची मागणी वेगळ्या ओळीत ठेवीन. मिळालेली रक्कम दडवणं सर्वात वाईट. पण कावेरी प्लास्टिक्सनंतर यावरही आक्षेप येणार, कारण मागणीचा आकडा चेकशी जुळत नाही. लातूरला तुमच्या वकिलांना हे 40,000 आधी सांगा, नोटीस त्यानंतर टाइप करा.

मराठीच्या बाई, उदगीर
आणि त्या ओळीत "पैकी" लिहा, "वजा जाता" नको. "चेकच्या रकमेपैकी रु. 40,000/- मिळाले" म्हटलं की मूळ रक्कम वाक्यात तशीच उभी राहते.

मोंढ्यातला मुनीम, लातूर
ते 40,000 आमच्या वहीत मागच्या बाकीत जमा केलेत, चेकपोटी नाही. आता ही नोंद कशी धरायची?