'कारण कळू शकले नाही' ही पळवाट नाही तर काय?

गांधीबागकर
इतवारीच्या कापड गोदामाची बातमी वाचली का? दोन कॉलम मजकूर आणि शेवटी काय, तर 'आगीचे कारण कळू शकले नाही, चौकशी सुरू आहे'. अख्ख्या बाजाराला माहीत आहे शॉर्टसर्किट आहे. बातमीदार घाबरट झालेत, दुसरं काही नाही.

डेस्कवरचा
घाबरट म्हणालात म्हणून लिहितो. 22 वर्षं रात्रपाळी केली, शेकडो वेळा 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे' छापलं. अंदाज कोणाचा? शेजारच्या पानठेल्यावरच्या माणसाचा. बातमीदार फोनवर म्हणायचा, 'सगळे म्हणताहेत', आणि आम्ही 'सगळे' खोडून 'प्राथमिक' टाकायचो. मथळ्यात जागा कमी, तिथे अंदाजही गळायचा: 'शॉर्टसर्किटने गोदाम खाक'. लोक मथळाच वाचतात.

याच आगीचं बघा. पहाटे 3.40 ला चौकीदाराला मागच्या शटरखालून धूर दिसला. वीज कंपनीच्या माणसाने पुरवठा तोडला 4.10 ला. मालक सांगतो, रात्री मेन स्विच पाडून शटर ओढलं होतं. मी असतो तर ही तिन्ही वाक्यं कोण म्हणालं त्यासकट छापली असती आणि पुढे: 'आग कशामुळे लागली हे अद्याप कळलेले नाही. अग्निशमन विभागाची तपासणी सुरू आहे.' 'अज्ञात कारणाने आग' मात्र नाही, कारण त्यात शोध संपल्यासारखं वाटतं. 'संशयास्पद आग' तर बिलकुल नाही, वाचणारा लगेच मालकाकडे बघतो. आणि 'चौकशीअंती कारण स्पष्ट होईल' हे आपण कोण सांगणार? कित्येकदा होतच नाही.

वायरमन_महाल
भाऊ, मी तीस वर्षं वायरिंग करून राह्यलो. जळालेल्या तारेवर तांब्याचे गोल मणी दिसले की शॉर्ट झालाच समजा. उद्या गोदामात जाऊन बघा, सापडतील. एवढं साधं आहे, कायले चौकशी पाहिजे?

डेस्कवरचा
मणी सापडतीलच, त्यात वाद नाही. पण आग बाहेरून आली, इन्सुलेशन वितळलं, चालू तारा एकमेकींना टेकल्या, तरी तसेच मणी होतात. मण्यावरून तार तेव्हा चालू होती इतकं कळतं. शॉर्ट आधी की आग आधी, ते एकट्या मण्यावरून नाही कळत. माझी चूक एकदा विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसातल्या माणसाने काढली होती, म्हणून माहीत.

गांधीबागकर
आणि मेन पाडलेला होता ना? मग चालू तार आली कुठून? तुमचंच वाक्य तुमच्या विरोधात जातं. पेट्रोल टाकलं म्हणा सरळ!

वायरमन_महाल
हे पाहा, इथं तुमचंही चुकून राह्यलं. मेन पाडला तरी मीटरपासून मेनपर्यंतची तार चालूच राहते बाप्पा. जुन्या गोदामात ती बऱ्याचदा लाकडी फळीवरून गेलेली असते. म्हणून मालक खोटा ठरत नाही न् शॉर्टही बाद होत नाही. (मण्याचं मान्य. अर्धं.)

सुनीता_ताई
तुम्ही मण्यांवर भांडा. माझ्या भावाच्या दुकानाचं सांगते. आग लागली त्याच दिवशी एका पेपरात 'सदोष वायरिंगमुळे' छापून आलं. कोणी तपासलं होतं? राख गरम होती अजून. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने तेच कात्रण फाइलला लावलं. 14 महिने दावा अडकला. भाऊ रोज ऑफिसात जाऊन बसायचा, डब्यातली भाजी तशीच परत यायची.

गांधीबागकर
ताई, विमावाले कात्रणाशिवायही अडवतात. माझा ट्रक उलटला तेव्हा...

डेस्कवरचा
ट्रक राहू द्या हो. ताई, साधारण फायर पॉलिसीत शॉर्टसर्किटने जे यंत्र जळतं ते वगळलेलं असतं, पण तिथून पसरलेल्या आगीत जळालेला माल वगळलेला नसतो. कात्रण हा पुरावा नाहीच.

सुनीता_ताई
हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि पुढे अहवाल आला त्यात 'कारण निश्चित करता येत नाही' होतं. तो त्या पेपराने छापला का?

डेस्कवरचा
नाही. आम्हीही छापत नव्हतो. महिनाभराने आगीची बातमी कोणाला हवी असते?

गांधीबागकर
चला, म्हणजे दोष घाबरटपणाचा नाही, आळसाचा आहे. मान्य! 'अद्याप' टाका आणि झोपा. पण बाजार मात्र शॉर्टसर्किटच म्हणणार.

वायरमन_महाल
बाजाराले म्हणू द्या. मी उद्या सकाळी तिकडे जाऊन राह्यलो, ती फळी उरली असेल तर पाहतो.

डेस्कवरचा
हात लावू नका तिथे. निरीक्षक यायचा आहे अजून.