'माझं मन तुझ्याजवळच असतं' हे रोमन अक्षरांत कसं लिहावं?

सांजवेळ
माझ्या होणाऱ्या नवऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. मातृभाषा इंग्रजी, मराठीतले चार शब्द कानावरून गेलेले. त्याला एक ओळ पाठवायची आहे आणि ती त्याने मोठ्याने वाचावी, मला ऐकायची आहे. ओळ अशी: माझं मन तुझ्याजवळच असतं. आपण एकमेकांना नेहमी लिहितो तसं लिहिलं:

Majha man tujhyajavalach asta.

पाठवण्याआधी मराठीचा गंध नसलेल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं. मला ऐकू आलं ते असं: 'मज्हा मॅन टुजाजॅव्हलॅक ॲस्टा.' प्रेमाच्या ओळीत हा 'मॅन' कुठून आला म्हणून ती स्वतःच हसली. यात सुधारणा कशी करावी?

टंकनवीर
अहो, रोमनमध्ये टाइप केलं की आपोआप देवनागरी उमटते असे कळफलक फोनवर मिळतात. ते घाला, प्रश्न मिटला.

सांजवेळ
मला देवनागरी टाइप करता येतं हो, आत्ता तेच करते आहे. वाचायचं त्याला आहे.

पाणिनीचा शेजारी
मनाने स्पेलिंग रचत बसू नका, त्यासाठी प्रमाण पद्धत ठरलेली आहे. आयएसओ १५९१९, २००१ सालची. त्यानुसार तुमची ओळ अशी होईल:

mājhaṁ mana tujhyājavaḷaca asataṁ

'माझा' आणि 'माझं' यांत गोंधळ नाही, ळ आणि ल वेगळे, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. याहून नेमकं काही मिळणार नाही.

कानसेन
शेजारी, नेमकेपणाबद्दल वाद नाही. ग्रंथालयाच्या सूचीत मराठी पुस्तकाचं नाव असंच लिहावं. पण ही पद्धत आपलं लेखन अक्षराला अक्षर दाखवते, उच्चार दाखवत नाही. आपण 'मन' म्हणताना शेवटचा अ म्हणत नाही, तिथे mana आहे. 'असतं' म्हणताना मधला अ गिळतो, तिथे asataṁ आहे. शेवटच्या अनुस्वाराचा नाकातला उच्चार आता कुणी करत नाही, आपण तो अ नुसता लांबवतो. हे न जाणणारा माणूस ṁ बघून 'माझम' म्हणेल. आणि c म्हणजे च हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो 'जवळका' म्हणून मोकळा होईल.

सांजवेळ, मूळ मुद्दा असा की आपलं नेहमीचं रोमन मराठी हे मराठी माणसासाठीच असतं. आपल्याला शब्द आधीच माहीत असतो, स्पेलिंग फक्त आठवण करून देतं. तुमच्या वाचकाला शब्द माहीत नाही, तो अक्षरांना इंग्रजीचेच नियम लावणार. तेव्हा त्याच्या नियमांनी आपला उच्चार निघेल असं लिहायचं. एकेक शब्द घेऊ.

'मन' साठी man लिहिलं की 'मॅन' होणारच. mun लिहा. सन, फन, रन यांची स्पेलिंगं त्याच्या डोळ्यांना सवयीची आहेत, तो बरोबर 'मन' म्हणेल. 'असतं' मधल्या 'अस' साठी तर इंग्रजीत तयार शब्दच आहे: us. आणि शेवटचा लांबवलेला अ म्हणजे uh. us-tuh.

'माझं' मध्ये खरी मेख आहे. यातला झ 'तुझी' मधल्या झ सारखा नाही. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण ते एकाच अक्षरात कोंबतो. पुढे इ, ई किंवा य आला की टाळूचा उच्चार: तुझी, तुझ्या, काळजी. अस्सल मराठी शब्दांत पुढे अ, आ, उ, ओ असेल तर बहुधा दातांजवळचा: माझा, जवळ, चांगलं. तुमच्या एका ओळीत दोन्ही जाती आहेत. 'तुझ्या' मध्ये टाळूचा, 'माझं' आणि 'जवळ' मध्ये दातांचा. j सगळीकडे लिहिलात तर दोन ठिकाणी फसाल, z सगळीकडे लिहिलात तर एका ठिकाणी.

मी असं लिहीन:

maa-dzuh mun tooj-yaa dzuh-vuh-luts us-tuh

शेवटचा 'च' त्स असा आहे हे विसरू नका. ठासून सांगणारा 'च' नेहमी तसाच असतो. ach लिहिलं की इंग्रजी वाचक एक तर 'ॲच' म्हणतो नाहीतर तुमच्या मैत्रिणीसारखा 'ॲक'. luts वाचताना चूक करायला जागाच नाही.

सांजवेळ
किती सुटसुटीत! पण dz त्याला जमेल का? आणि झ मधला ह कुठे गेला?

कानसेन
'किड्स' या शब्दाच्या शेवटी तो dz रोज म्हणतो. अडचण एवढीच की इंग्रजीत हा आवाज शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून 'जवळ' ला तो नुसता z म्हणेल. म्हणू द्या. मराठी बोलणारेही पुष्कळजण तिथे z च्या जवळचाच आवाज काढतात, कानाला खटकत नाही.

ह मी मुद्दाम गाळला. zh लिहिलंत तर इंग्रजी वाचक 'मेझर' मधला मऊ आवाज काढतो, तो मराठीत नाहीच. dzh लिहिलंत तर तो थबकतो. एक ह गेला तर 'माझं' ओळखू येतं, थबकला तर ओळ मोडते.

पाणिनीचा शेजारी
म्हणजे महाप्राण काढून टाकायचे, ळ चा ल करायचा, आणि याला मराठी म्हणायचं. माझा विरोध नोंदवून ठेवा.

कानसेन
नोंदवला. ळ साठी मात्र खरंच उपाय नाही. इंग्रजीत तो आवाज नाही, म्हणून कुठलंही अक्षर लिहा, ल च निघणार. l खाली टिंब दिलं तर तो स्क्रीनवरचा डाग समजेल. त चंही तेच: t पाहून तो ट म्हणतो, आणि th लिहिलं की 'थिंक' मधला थ किंवा 'दॅट' मधला द. म्हणून t च ठेवा. 'टूज्या' ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. तो समोर असेल तेव्हा जीभ दातांना लावायला सांगा. हे काम अक्षरांच्या हातात नाही.

मुसाफिर
थांबा, th बद्दल माझा अनुभव अगदी उलटा आहे. माझी बायको मल्याळी. तिला पहिल्यांदा 'माझं मन' असं काहीतरी लिहिलं होतं, स्पेलिंग Mazha man. तिचं उत्तर आलं: पावसाचं काय? मल्याळममध्ये mazha म्हणजे पाऊस! त्यांच्याकडे zh हे अक्षरयुग्म एका वेगळ्याच आवाजासाठी आहे, कोळिकोडच्या स्पेलिंगमध्ये येतो तो. आपण मराठीत ळ लिहून वेळ मारून नेतो.

आणि ती त साठी th लिहिते, t म्हणजे तिच्या मते ट. त्यामुळे मी asta लिहिलं की ती 'अस्टा' वाचते, astha लिहिलं की स्वच्छ 'असता'. मग हा th वाईट कसा?

कानसेन
वाईट नाही, तुमच्या घरी तोच बरोबर. वाचणाऱ्याला ज्या भाषेच्या स्पेलिंगची सवय, तिचे नियम. तुमच्या बायकोला ळ सुद्धा सहज म्हणता येतो, सांजवेळ यांच्या माणसाला जे जमणार नाही ते तिला जमेल. तुम्ही फक्त zh टाळा. z ही तिच्या भाषेचा नाही, तेव्हा 'माझं' मधला आवाज एकदा तोंडाने म्हणून दाखवा.

जर्मन वाचक असता तर अजून गंमत. त्याच्यासाठी z म्हणजे त्स, v म्हणजे बहुधा फ आणि j म्हणजे य. आपलं tuzyavar तो 'टुत्स्याफार' च्या आसपास वाचेल. ज साठी जर्मन लोक dsch लिहितात, 'जंगल' हा शब्दही ते तसाच लिहितात. म्हणून तीच ओळ त्याला अशी द्यावी लागेल:

maa-dsa mann tudsch-jaa dsa-wa-latz ass-ta

पोस्टकार्ड
मला वाटतं ताण देण्यासाठी कॅपिटल अक्षरं वापरावीत, MAA-dzuh अशी. शब्दकोशांत तसं असतं.

कानसेन
या ओळीत नको. इंग्रजी वाचक ताण दिलेला भाग ओरडून म्हणतो आणि बाकीचा गिळतो. मराठीत तेवढा चढउतार नाही. शिवाय आयट्रान्स या जुन्या टंकनपद्धतीत कॅपिटल N म्हणजे ण, L म्हणजे ळ असतं. मराठी माणूस ते ओळखेल, याला नुसता आरडाओरडा वाटेल. जोडरेघा पुरेत, त्याने तो सावकाश वाचेल.

पोस्टकार्ड
बरं. पण आणखी एक. 'मी तुझ्यावर प्रेम करते' अशी ओळ पाठवली आणि त्याने ती पाठ करून परत तुम्हालाच म्हटली तर तो 'करते' म्हणेल. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यात नवरा कितीतरी दिवस 'करते' म्हणत होता, कुणी सुधारलंही नाही.

सांजवेळ
म्हणून तर ही ओळ निवडली. 'मन असतं', कुणीही म्हणावं. त्याने उलट मलाच म्हटली तरी चालेल.

कानसेन
आणि याच कारणाने 'माझं' ला जपा. maaza लिहिलं तर तो 'माझा' म्हणेल, 'माझा मन' होईल. पावसापेक्षा बरं, पण खटकेल. uh ने ते टळतं.

सांजवेळ
नवीन ओळ त्याच मैत्रिणीला न दाखवता दुसऱ्या एकीला दिली, कारण पहिलीच्या कानात आता मराठी बसलं असेल. अर्थ सांगितला नाही. तिने म्हटलं ते डोळे मिटून देवनागरीत लिहून काढलं: 'माझअ मन टूज-या झवलत्स अस्टअ.' (झवल मधला झ z सारखा.) दोनदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा तसंच. 'मन' बरोबर आलं, 'च' बरोबर आला! फोनने मात्र mun चं mum केलं होतं, पाठवण्याआधी दिसलं म्हणून बरं.

मुसाफिर
आईचं मन तुझ्याजवळच असतं. तेही खोटं नाही.

पाणिनीचा शेजारी
ते 'झवलत्स' बघा. कानसेनांनी dzuh-vuh-luts असे तीन तुकडे दिले होते, तिने दोनच केले. माझ्या मते चूक तिची नाही. आपण भरभर बोलताना 'जव्ळच' असंच म्हणतो, मधला अ जातो. dzuv-luts लिहायला हवं होतं.

कानसेन
मी 'जवळच' पूर्ण म्हणतो. आमच्या घरी सगळेच म्हणतात.

पाणिनीचा शेजारी
म्हणत असाल. एकदा रेकॉर्ड करून ऐका.

सांजवेळ
मी दोन्ही प्रकारे म्हणून पाहिलं आणि आता मी मुळात कशी म्हणते तेच कळेनासं झालंय. तीन तुकड्यांचं पाठवते आहे. तो सावकाश वाचणारा माणूस आहे.