मधला माणूस काढला की मसाला स्वस्त होतो का?

कोपरखैरणे_१९
रिटेल मार्केटिंगचा पेपर जवळ आलाय. सरावाची केस अशी आहे : रबाळे एमआयडीसीतला एक छोटा मसाला उत्पादक, ऐरोली-घणसोली पट्ट्यात २४० किराणा दुकानं, वितरणाची साखळी सुचवा. माझं उत्तर : कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा थेट दुकानाला माल द्यावा. मधली माणसं गेली की साखळी आखूड होते, माल स्वस्त पडतो आणि भांडणाला कारणच उरत नाही. दहा मार्कांना एवढं पुरे ना?

नौपाडा_वितरण
पुरे नाही, आणि उत्तरातलं दुसरं वाक्य तर साफ चूक आहे. हे उत्तर इतक्या पेपरांत दिसतं की आज सविस्तर लिहितोच.

आकडे धरून चला. पाकिटाची एमआरपी १०५ रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे कर वजा जाता १००. दुकानदाराला विक्री किमतीवर १० टक्के सोडले की त्याची खरेदी ९०. डिस्ट्रिब्युटरला त्याच्या विक्रीवर ५ टक्के दिले की त्याचा लँडिंग रेट, म्हणजे कंपनीकडून माल पडतो तो दर, ८५.५०. म्हणजे डिस्ट्रिब्युटर काढून तुम्ही पाकिटामागे साडेचार रुपये वाचवायला निघालात.

आता २४० दुकानांचे सहा बीट, म्हणजे सेल्समनच्या सहा फेऱ्या करा, रोज ४० दुकानं. एका नव्या मसाल्याच्या ब्रँडला त्यातली २० दुकानं ऑर्डर देतील आणि सरासरी बिल ६०० रुपयांचं होईल असं धरू. दिवसाची विक्री १२,०००. सेल्समनचा पगार महिना १८,००० म्हणजे २५ कामाच्या दिवसांत रोज ७२०. टेम्पो, ड्रायव्हर, डिझेल मिळून रोज १,८००. एकूण २,५२०, म्हणजे विक्रीच्या २१ टक्के. पाच टक्के वाचवायला एकवीस टक्के खर्च. हाच खर्च पाच टक्क्यांत बसवायचा तर रोजची विक्री ५०,४०० हवी, म्हणजे दर दुकानामागे अडीच हजारांचं बिल. एवढा मसाला घणसोलीचा किराणावाला एका ब्रँडचा एका आठवड्यात घेत नाही.

डिस्ट्रिब्युटरला हे परवडतं, कारण त्याच्या टेम्पोत आणखी पाच कंपन्यांचा माल असतो आणि तेच बिल साडेतीन हजारांचं होतं. कारखाना जवळ आहे की लांब, याचा साखळीच्या लांबीशी फार थोडा संबंध आहे. दुकानामागे बिल केवढं पडतं, त्यावर लांबी ठरते. उत्तराची सुरुवात तिथून करा.

तुर्भे_मार्केट
एवढं गणित मांडून शेवटी दलालाचीच बाजू घेतलीत. शेतकऱ्याचं काय? २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला तो याच मधल्या साखळीमुळे. शेतकऱ्याला थेट विकू द्या, दोघांचंही भलं होतं.

नौपाडा_वितरण
प्रश्न मसाल्याच्या पाकिटाचा आहे. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, वजन ठरलेलं असतं, माल महिनोन्‌महिने टिकतो. भाजीचा भाव रोज पहाटे ठरतो, प्रत प्रत्येक गोणीत वेगळी, संध्याकाळपर्यंत माल पडतो. तिथला आडत्या भाव काढतो आणि प्रत बघतो, इथला डिस्ट्रिब्युटर माल साठवतो, फिरवतो आणि उधारी देतो. दोघांना एकच शिवी देऊन उत्तर सुटत नाही. आणि नियमनमुक्तीनंतरही तुर्भ्याच्या बाजार समितीत गाड्या लागतातच, त्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

घणसोली_किराणा
डिस्ट्रिब्युटर उधारी देतो, माल फिरवतो हे कागदावर छान दिसतं. माझं दुकान गल्लीत आत आहे. सेल्समन मोठ्या रस्त्यावरची दुकानं घेतो आणि माझ्याकडे फिरकत नाही. आलाच तर म्हणतो, पूर्ण पेटी घ्या. मला तीन पाकिटं हवी असतात. मग मी ठाण्याला जांभळी नाक्यावर जातो, तिथला होलसेलर तीनच पाकिटं देतो, आणि ९० चा माल ८७ ला देतो. तुमच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा तो बरा.

ऐरोली_एजन्सी
आणि तोच माल माझं पोट मारतो! ऐरोलीचा डिस्ट्रिब्युटर मी आहे. लँडिंग ८५.५० असताना होलसेलर ८७ ला विकूच कसा शकतो, हा प्रश्न कंपनीला विचारा. ठाण्याचा माल पूल ओलांडून माझ्या एरियात येतो आणि माझा सेल्समन रिकाम्या हातानं परततो. कंपनीनं सरळ हुकूम काढावा : ९० च्या खाली कोणी विकायचं नाही, विकलं की एजन्सी बंद. भांडण तिथेच मिटेल.

नौपाडा_वितरण
तक्रार शंभर टक्के खरी, उपाय चुकीचा. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. पुढच्या विक्रीची खालची किंमत कंपनीनं बांधून देणं हे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये येतं. डीलरांना ठरलेल्यापेक्षा जास्त सवलत द्यायला अडवलं म्हणून २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला, प्रकरण अपिलात गेलं. छोट्या कंपनीवर लगेच कारवाई होते असं नाही, बाजारावर परिणाम किती हे तिथे बघितलं जातं. पण परीक्षेत 'किमान विक्री किंमत बांधावी' असं बिनधास्त लिहू नये.

८७ चं कोडं मात्र सोडवतो. ठाण्याच्या डिस्ट्रिब्युटरला महिन्याचं टार्गेट ३ लाखांच्या खरेदीचं. पूर्ण झालं तर सगळ्या खरेदीवर २ टक्के जादा, म्हणजे ६,००० रुपये. अठ्ठावीस तारखेला तो २ लाख ४० हजारांवर अडकलाय. तो उरलेला ६०,००० चा माल उचलतो आणि लँडिंगच्या २ टक्के खाली होलसेलरला सोडतो. तोटा १,२००, इन्सेंटिव्ह ६,०००. हातात ४,८०० राहतात आणि पैसे रोख येतात. होलसेलरला पाकीट ८३.८० च्या आसपास पडलं, ८७ ला विकून तो खूश. या साखळीत चोर कोणीच नाही. कंपनीनं खरेदीवर बक्षीस लावलं, तिथून हे सुरू झालं.

ओळखायचं कसं? ऐरोलीची ऑर्डर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घटते आणि तिसऱ्या आठवड्यात सावरते, असं सलग दिसलं तर माल शेजारच्या एरियातून आलाय. मग दुकानातल्या पाकिटाचा बॅच नंबर घ्या आणि तो बॅच कोणाच्या बिलावर गेला ते बघा. अडचण दोन ठिकाणी येते. एकच बॅच दोन डिस्ट्रिब्युटरांना गेला असेल तर काहीच सिद्ध होत नाही, म्हणून डिस्पॅच करतानाच बॅच वेगळे ठेवावे लागतात. दुसरं म्हणजे होलसेलर पेटी फोडतो आणि पेटीवरचं लेबल कचऱ्यात जातं, म्हणून खूण आतल्या पाकिटावर हवी.

पेपर_तपासणीस
वीस मिनिटांत मुलगी हे सगळं लिहिणार का? तुम्ही दोघांनी धाग्याचा बाजार समिती आणि पूल करून टाकला. तिला तीन गोष्टी हव्यात : किती पायऱ्या, दुकानं किती प्रमाणात गाठायची, भांडण कुठल्या प्रकारचं. ठाणे विरुद्ध ऐरोली हे समपातळीवरचं, डिस्ट्रिब्युटर विरुद्ध कंपनी हे उभं. नावं लिहिली नाहीत तर मी मार्क देत नाही, गणित कितीही सुंदर असो.

नौपाडा_वितरण
नावं लिहून उपाय चुकला तर ते पूर्ण मार्कांचं उत्तर कसं? भांडण दोन डिस्ट्रिब्युटरांत दिसतं म्हणून मुलं लिहितात, 'एरिया स्पष्ट आखून द्यावा.' एरिया आखलेलाच होता! कारण उभ्या नात्यात आहे, कंपनीच्या स्कीममध्ये. इन्सेंटिव्ह खरेदीवरून काढून बिल झालेल्या दुकानांच्या संख्येवर लावला, की महिनाअखेरीस माल ढकलून हाती काही लागत नाही.

पेपर_तपासणीस
ठीक, कारण आणि लक्षण वेगळं दाखवलं तर मी जादा देईन. पण खोटी बिलं फाडून दुकानांची संख्या फुगवतात, हेही लिहा. तुमचा उपाय काही बिनतोड नाही.

नौपाडा_वितरण
फुगवतात, मान्य. म्हणून एका दुकानाची सलग दोन-तीन महिन्यांची बिलं बघतात. खोटं दुकान एकदाच खरेदी करतं.

ऐरोली_एजन्सी
सुपरमार्केटचं कोणीच बोललं नाही. कंपनी त्यांना थेट देते, ते पाकीट ९२ ला विकतात. माझ्या दुकानदाराला जीएसटीसकट ते ९४.५० ला पडतं. तो माझ्याकडून कशाला घेईल, तिथूनच उचलून आणेल. २०२१ च्या डिसेंबरात वितरकांच्या देशव्यापी संघटनेनं कंपन्यांना पत्रं लिहिली आणि १ जानेवारी २०२२ पासून असहकाराचा इशारा दिला तो याच दरातल्या फरकावरून. तेव्हा किराण्याला थेट घाऊक विकणारे जिओमार्ट, मेट्रो, उडान होते, आज नावं वाढली.

नौपाडा_वितरण
इथे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो, आणि केसमध्ये हे लिहिलंच पाहिजे. सुपरमार्केटचा दर बांधता येत नाही, पण माल वेगळा करता येतो. त्यांना ५०० ग्रॅमचा पाऊच, किराण्याला ५० आणि १०० ग्रॅम. दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना होत नाही तोवर भांडण पेटत नाही. फक्त मोठ्या पाऊचचा ग्रॅममागचा दर फार खाली गेला, तर दुकानदार तो फोडून सुटा मसाला विकतो आणि मूळ प्रश्न परत येतो.

कोपरखैरणे_१९
म्हणजे उत्तर असं करू का : एकच डिस्ट्रिब्युटर, सहा कंपन्या सांभाळणारा, एक पायरी. इन्सेंटिव्ह बिल झालेल्या दुकानांवर. सुपरमार्केटला वेगळं पॅक. आणि घणसोलीच्या गल्लीतल्या दुकानांचं काय? तिथे सेल्समन जाणार नाही असं दिसतंय.

नौपाडा_वितरण
पहिले तीन मुद्दे बरोबर. शिवाय एक ओळ डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं लिहा. महिन्याच्या ३ लाख विक्रीवर त्याचे ५ टक्के १५,०००, या ब्रँडच्या वाट्याचा खर्च ९,०००, उरले ६,०००. १५ दिवसांचा साठा दीड लाख आणि १० दिवसांची उधारी एक लाख धरली, तर अडीच लाखांवर वर्षाला २९ टक्के. उधारी ३० दिवसांवर गेली की गुंतवणूक साडेचार लाख आणि परतावा १६ टक्क्यांवर. मार्जिन तेच राहतं आणि डिस्ट्रिब्युटर एजन्सी सोडतो. कंपनीला हे त्याचं सोडल्याचं पत्र आल्यावरच कळतं.

गल्लीतल्या दुकानांसाठी होलसेलरला उघडपणे साखळीत घ्या. डिस्ट्रिब्युटरनं त्याला ८७.५० ला द्यावं, त्याला सव्वादोन टक्के सुटतात आणि शंभर छोट्या दुकानांची फेरी व वसुली वाचते. होलसेलरनं दुकानाला ९० च्या आसपास विकावं. कागदावर एक पायरी आणि बाजारात दोन, असं लपवून चालवण्यापेक्षा दोन पायऱ्या कबूल केलेल्या बऱ्या.

ऐरोली_एजन्सी
आणि तो माझ्या मोठ्या दुकानांना ८८ ला विकणार नाही, याची हमी कोण देणार? तुम्ही चोरवाटेला नाव देऊन राजमार्ग केलात.

घणसोली_किराणा
मला ८७ चं पाकीट ९० ला घ्यायला लावताय आणि हे माझ्या सोयीचं म्हणताय. बरं, घेतो. पण होलसेलर मुदत संपलेलं किंवा फुटलेलं पाकीट परत घेत नाही, डिस्ट्रिब्युटर घेतो. नव्या साखळीत ते पाकीट मी कुणाच्या हातात द्यायचं?

नौपाडा_वितरण
पाकिटावरच्या खुणेवरून डिस्ट्रिब्युटरनं घ्यावं, बिल होलसेलरचं असलं तरी. हा खर्च कंपनीनं उचलला पाहिजे.

ऐरोली_एजन्सी
कंपनी उचलत नाही. डॅमेजचं क्रेडिट यायला महिने लागतात आणि तोवर पैसे माझे अडकतात. त्या १६ टक्क्यांच्या हिशोबात हे धरलेलंच नाही.